मदत हवी आहे: टीआयबीसी जास्त, सॅच्युरेशन कमी, पण फेरिटिन नॉर्मल. हा नक्की कोणता अ‍ॅनिमिया?

ओवी (धागाकर्ती)
आईचा अहवाल समोर आहे आणि दोन डॉक्टरांनी त्याचे दोन अर्थ लावले आहेत. हिमोग्लोबिन ९.४, सीरम आयर्न २८, टीआयबीसी ४१८, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन ६.७ टक्के आणि फेरिटिन ६४. पहिल्या डॉक्टरांच्या मते ही सरळ लोहाची कमतरता आहे. दुसरे म्हणतात की फेरिटिन नॉर्मल असल्याने हा जुन्या आजारामुळे आलेला अ‍ॅनिमिया आहे आणि लोहाच्या गोळ्यांनी काही साधणार नाही. परवा पुन्हा भेट आहे, तोवर मला नेमके उत्तर हवे आहे. कृपया ‘डॉक्टरांना विचारा’ असे लिहू नये; त्यांना विचारूनच इथे आले आहे.

सडेतोड
दुसऱ्या डॉक्टरांचे बरोबर आहे. सॅच्युरेशन दोन्ही प्रकारांत उतरते, त्यामुळे ६.७ या आकड्याने घाबरण्याचे कारण नाही. शरीरातील लोहाचा साठा फेरिटिन सांगते आणि ६४ म्हणजे कोठार रिकामे नाही. शिवाय माझ्या प्रयोगशाळेच्या अहवालावर टीआयबीसीची वरची मर्यादा ४५० छापलेली असते. मग ४१८ ‘जास्त’ कसे?

चौकस
‘जुना आजार’ म्हणजे कोणता, हे तुम्ही लिहिलेलेच नाही आणि सगळे उत्तर त्यावरच अवलंबून आहे. आईंचे वय, पाळी चालू आहे की नाही, सीआरपी, एमसीव्ही आणि चालू असलेली औषधे, एवढे तरी द्या.

पांथस्थ
मी स्वतः यातून गेलो आहे, म्हणून सांगतो, लोहाच्या गोळ्या देऊ नका. हाडातील जंतुसंसर्ग वर्षभर रेंगाळला तेव्हा माझे आयर्न ३२ आणि सॅच्युरेशन १५ टक्के होते. पाच महिने गोळ्या घेतल्या. पोट बिघडले, पण हिमोग्लोबिन जागचे हलले नाही. संसर्ग आटोक्यात आल्यावर ते आपोआप वाढले.

ओवी
आईला अकरा वर्षांपासून संधिवात आहे, रूमॅटॉइड प्रकारचा. मला वाटले होते की ‘जुना आजार’ म्हटल्यावर ते कळेल. वय ५८, पाळी बंद होऊन आठ वर्षे झाली. सीआरपी ३८, एमसीव्ही ८४. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट घेते आणि वेदनाशामक गोळी जवळजवळ रोज. लोहाची गोळी अजून एकही घेतलेली नाही. आता तरी उत्तर मिळेल का?

सूक्ष्मदर्शी
ओवीताई, मी अनेक वर्षे प्रयोगशाळेत असे अहवाल वाचले आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. पांथस्थ, तुमचे टीआयबीसी आणि फेरिटिन किती होते ते आधी सांगाल का?

पांथस्थ
जुना कागद काढून पाहिला. टीआयबीसी २१४, फेरिटिन ३१०.

सूक्ष्मदर्शी
मला हेच अपेक्षित होते. आता दोन्ही अहवाल शेजारी ठेवून पाहा. आयर्न जवळजवळ सारखे आहे, २८ आणि ३२. सॅच्युरेशन म्हणजे आयर्नला टीआयबीसीने भागून काढलेली टक्केवारी. ओवीताईंच्या आईंच्या बाबतीत २८ भागिले ४१८, तर पांथस्थांच्या बाबतीत ३२ भागिले २१४. खरा फरक भाजकात आहे.

टीआयबीसी म्हणजे रक्तात लोह वाहून नेण्याची एकूण जागा, आणि ही जागा मुख्यतः ट्रान्सफेरिन पुरवते. साठा संपत आला की यकृत जास्त ट्रान्सफेरिन तयार करते. शरीरात दाह चालू असेल तर उलट होते: यकृत ट्रान्सफेरिन कमी तयार करते, आणि त्याच वेळी वाढलेले हेपसिडिन साठ्यातील लोह बाहेर पडू देत नाही. म्हणून पांथस्थांचे टीआयबीसी खाली होते आणि फेरिटिन ३१० वर. त्यांचे लोह होते, पण कुलूपबंद होते. गोळ्या निरुपयोगी ठरल्या त्या त्यामुळे.

आईंचा सीआरपी ३८ आहे, म्हणजे दाह चांगलाच आहे. निव्वळ दाहाचा अ‍ॅनिमिया असता तर टीआयबीसी मर्यादेच्या तळाशी किंवा त्याखाली दिसायला हवे होते. दाह ते खाली ओढत असतानाही ते ४१८ वर उभे आहे. छापील मर्यादा ४०० असो की ४५०, या परिस्थितीत ४१८ हे लोहाच्या कमतरतेच्या बाजूने बोलते. मात्र आई इस्ट्रोजेन असलेली संप्रेरके घेत नाहीत ना? त्यांनीही टीआयबीसी वाढते.

ओवी
नाही, अशी कोणतीही गोळी नाही. पण मग फेरिटिन ६४ का?

सूक्ष्मदर्शी
दाहात फेरिटिन फुगते. निरोगी माणसात ६४ हा निश्चिंत करणारा आकडा आहे, पण संधिवात भडकलेला असताना ३० ते १०० च्या पट्ट्यातील फेरिटिन कमतरतेला नाकारू शकत नाही. माझ्या मते आईंना दोन्ही आहेत, दाहाचा अ‍ॅनिमिया आणि त्याखाली दडलेली खरी कमतरता. दोन्ही डॉक्टर अर्धे-अर्धे बरोबर आहेत.

सडेतोड
फेरिटिनचा मुद्दा मान्य. पण एका टीआयबीसीवर एवढा भरवसा ठेवणे मला पटत नाही. दोन्ही कारणे एकत्र असताना ते अनेकदा मधोमध नॉर्मल येते, हे तुम्हीही पाहिले असेल.

सूक्ष्मदर्शी
पाहिले आहे, आणि म्हणूनच नॉर्मल किंवा कमी टीआयबीसीवरून कमतरता नाही असे मी कधीच म्हणणार नाही. ते वर असेल तेव्हाच त्याच्या साक्षीला वजन येते. शंका राहिलीच तर सोल्युबल ट्रान्सफेरिन रिसेप्टर ही तपासणी करावी. पेशी लोहासाठी भुकेल्या असतील तर ते वाढते, आणि फेरिटिनसारखे दाहामुळे फुगत नाही.

चौकस
थॅलसेमिया मायनरचा विचार कोणीच केला नाही. एचबी इलेक्ट्रोफोरेसिस करून घ्या.

सूक्ष्मदर्शी
त्यात एमसीव्ही बहुधा ठळकपणे खाली असते, इथे ते ८४ आहे, आणि त्याने आयर्नचे हे चित्रही उलगडत नाही. तरीही ८४ बद्दल सावध राहा. मेथोट्रेक्सेट पेशींचा आकार वाढवते, त्यामुळे लोह कमी असूनही पेशी लहान दिसत नाहीत. मला त्याहून मोठा प्रश्न वेगळाच वाटतो: पाळी बंद असलेल्या स्त्रीचे लोह जाते कुठे? रोजची वेदनाशामक गोळी जठरातून हळूहळू रक्तस्राव घडवू शकते, आणि या वयात आतड्यातील इतर कारणेही पाहावीच लागतात. शौचाचा रंग काळा झाला आहे का? तो नेहमीसारखा असला तरी तपासणी टाळू नका. गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नका, मेथोट्रेक्सेट तर मुळीच नाही.

पांथस्थ
म्हणजे मी वर दिलेला सल्ला चुकीचा होता तर. माझ्या अहवालावर यांचा अहवाल मापला.

ओवी (दोन दिवसांनी)
भेट झाली. रिसेप्टरची तपासणी पाठवली आहे, तिचा अहवाल यायचा आहे. वेदनाशामक गोळी बदलली आणि एन्डोस्कोपी व कोलोनोस्कोपी पुढच्या आठवड्यात ठरली आहे. लोहाची गोळी आजच सुरू करू का, की कोलोनोस्कोपीपर्यंत थांबू? हे विचारायचे राहून गेले.

सूक्ष्मदर्शी
कोलोनोस्कोपीच्या आधी साधारण आठवडाभर तोंडाने लोह घेत नाहीत, कारण काळा, चिकट मळ आतड्याला धरून राहतो आणि आतले नीट दिसत नाही. तारीख इतकी जवळ आहे तर नंतरच सुरू करणे सोयीचे, पण एक फोन करून खात्री करा.

सडेतोड
आणि नंतरही गोळ्याच का? हेपसिडिन वाढलेले असताना आतड्यातून लोह शोषले जात नाही. थेट शिरेतून द्यायला सांगा.

सूक्ष्मदर्शी
गोळ्यांनी तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन सुमारे एकने वाढले, तर शोषण पुरेसे आहे असे समजावे. वाढले नाही, तर तुमचा मुद्दा खरा ठरेल.

सडेतोड
सीआरपी ३८ असताना तो महिना वाया जाईल, असे माझे मत आहे.