मदत हवी आहे: ब्लॅकजॅकमध्ये लेट सरेंडर, १५-१६-१७ पैकी नक्की काय सोडायचं?

वैदर्भीय_पत्ता: शुक्रवारी लास वेगासला पोहोचतोय. दोन तक्ते पाहिले. एकात एक्क्यासमोर १७ सोडा म्हणतात, दुसऱ्यात थांबा. बरोबर कुठला? लवकर सांगा.

शून्यशेष: किती डेक? डीलर सॉफ्ट १७ वर पत्ता घेतो की थांबतो?

तात्या_ठाणेकर: एवढं कशाला? दश्शी दिसली की १४ ते १७ सगळं सोडायचं. पैजेचे निम्मे पैसे तरी वाचतात.

शून्यशेष: तात्या, १४ सोडायचा सल्ला अर्ली सरेंडरचा आहे, जिथे डीलरने ब्लॅकजॅक तपासण्याआधीच सोडता येतं. लेटमध्ये तपासणी आधी होते, त्यामुळे तो धोका टळलेला असतो. १४ वर पत्ता घेतला तर १०० डॉलरमागे सरासरी सुमारे ४७ जातात, सोडलं तर ५०. दश्शीसमोर १७ वर थांबलं तर ४२च्या आसपास.

वैदर्भीय_पत्ता: सहा डेक. सॉफ्ट १७ चं माहीत नाही.

शून्यशेष: मग तेच टेबलाच्या कापडावर वाचा, दोन तक्त्यांतला फरक तेवढाच आहे. दश्शीसमोर दोन्ही नियमांत १५ आणि १६ सोडा. १६ वर पत्ता घेतला तर सुमारे ५४ जातात. १५ वर साडेपन्नासच्या जवळपास, म्हणजे फायदा नाममात्र. एक्क्यासमोर डीलर सॉफ्ट १७ वर थांबत असेल तर फक्त १६ सोडा. तो पत्ता घेत असेल तर १५ आणि १७ सुद्धा. एक्का-सहावर तो थांबला तर तुमच्या १७ ची बरोबरी होते. त्याने पुढे ओढलं की पुष्कळदा तो वर निघून जातो आणि ती बरोबरी हातची जाते. दश्शीसमोर हा नियम लागूच होत नाही, कारण दश्शी आणि एक्का म्हणजे थेट ब्लॅकजॅक.

मांडवीकाठ: गोव्यात ज्या टेबलावर डीलर दुसरा पत्ता नंतर घेतो, तिथे काय?

शून्यशेष: ते गणित वेगळं. ब्लॅकजॅक आल्यावर सोडलेल्या हाताचं काय होतं, ते आधी विचारा.

तात्या_ठाणेकर: आणि आठ-आठ? तेही १६च की.

रेखा_न्यूजर्सी: नाही. दश्शीसमोर जोडी फोडा, तोटा ५० च्या आत राहतो. एक्क्यासमोर, डीलर सॉफ्ट १७ वर ओढत असेल तर मी सोडेन.

शून्यशेष: फोडल्यावर डबल करता येत असेल तर तिथे फरक अगदी बारीक आहे. मी फोडेन.

रेखा_न्यूजर्सी: मी तरी सोडेनच. वैदर्भीय, एक लक्षात ठेवा: सरेंडर पहिल्या दोन पत्त्यांवरच. ५-४ वर ७ आला तर १६ होतात, पण सोडता येत नाही. दश्शीसमोर तिथे थांबा, कारण उपयोगाचे दोन छोटे पत्ते तुमच्याच हातात आलेत. आणि "सरेंडर" मोठ्याने म्हणा. पैजेमागे बोटाने रेघ ओढताना डीलरला पत्ता मागितल्यासारखं वाटू शकतं.

वैदर्भीय_पत्ता: एक्का दिसला की इन्शुरन्स आधी विचारतात ना? तो घ्यायचा का?