मदत हवी आहे: आठवीच्या वर्गात नाडी मोजली, पळून आल्यावरही आकडे शंभरच्या फारसे पुढे जाईनात

मृदुला_विज्ञान

नमस्कार मंडळी. मी आठवीला विज्ञान शिकवते. वर्गात ४२ मुलं, तास ३५ मिनिटांचा. मनगटावर नाडी मोजायची, मैदानाला एक फेरी पळून यायचं आणि परत मोजायची, एवढाच साधा प्रयोग ठरवला होता. बसून ३० सेकंद मोजून दुप्पट केली. पळून आल्यावर मुलं वर्गात आली, जागेवर बसली आणि पूर्ण मिनिटभर मोजली, कारण जास्त वेळ मोजलं तर आकडा जास्त खरा येईल असा माझा हिशोब होता. एका गटाकडे स्टेथोस्कोप होता (एकीची आई नर्स आहे), त्यांनी तो वापरला.

वह्यांमधले काही आकडे देते, आधी बसून आणि मग पळून आल्यावर:

पहिली मुलगी ८४, मग १००
दुसरा मुलगा ११२, मग १०८
तिसरी मुलगी ७६, मग ९२
चौथा मुलगा ४४, मग ९६
स्टेथोस्कोपवाला मुलगा १६४, मग ११०

पळून आल्यावर ठोके एवढेच? आणि एकाचे चक्क कमी झाले. ४४ आणि १६४ चं काय करायचं? त्यात प्रत्येक जण विचारतोय, "मॅडम, माझे चांगले का वाईट?" वर्गाला उत्तर द्यायचंय, कुणी मार्ग दाखवा.

शिट्टीवाले_सर

मॅडम, पीटीवाला आहे म्हणून सांगतो. मनगटावर मुलांना नाडी सापडतच नाही, मानेवर मोजायला लावा. अंगठा मात्र लावू देऊ नका, त्याची स्वतःची नाडी लागते. आणि १०० म्हणजे पोरं पळालीच नाहीत. २२० वजा वय, म्हणजे १३ वर्षांच्या पोराचे जास्तीत जास्त २०७. त्याच्या ७० टक्के, म्हणजे १४५ तरी यायलाच हवेत. नाही आले तर पोरं फिट नाहीत किंवा कामचुकार आहेत. ज्याचे बसून ६० च्या आत तो खरा खेळाडू.

निवृत्त_पोस्टमास्तर

माझंही असंच होतं हो. रोज सकाळी टेकडी चढून येतो, घाम निथळतो, पण घड्याळात ९५ च्या वर काही जात नाही. सून म्हणते घड्याळ बिघडलंय. तीन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, गोळ्या चालू आहेत. कुठलं घड्याळ चांगलं, सुचवाल का?

अलका_फिजिओ

काका, घड्याळ बदलण्याआधी गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव बघा. शेवटी "लोल" असेल (मेटोप्रोलोल वगैरे), तर ती गोळीच ठोके वर जाऊ देत नाही, तेच तिचं काम. तुमच्यासाठी किती चालतील ते डॉक्टरांना विचारा, गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका.

मृदुलाताई, मुलं पळाली आहेत. तुम्ही मोजलंत ते पळण्याचं नव्हे, पळून झाल्यानंतरचं. थांबल्याबरोबर ठोके झपाट्याने उतरतात, आणि मुलांचे तर मोठ्यांपेक्षाही लवकर. आमच्या प्रात्यक्षिकात एका मुलीचे थांबल्याक्षणापासून दर १५ सेकंदांनी मोजले होते: ३८, ३४, ३१, २९. बेरीज १३२. तुमच्यासारखं मिनिटभर मोजलं तर वहीत १३२ येतात. पहिल्या १५ सेकंदांचे चौपट केले तर १५२. त्यात तुमची मुलं मैदानातून वर्गात आली, बसली, नाडी शोधत राहिली. पुढच्या मिनिटाचे तिचे आकडे २८, २७, २६, २५ होते, म्हणजे १०६. तुमच्या वहीतला १०० इथूनच आला.

तेव्हा पळाल्यावर जास्त वेळ मोजायचं नाही. जिथे थांबले तिथेच, उभ्या उभ्या, १५ सेकंद. नाडी शोधण्यात वेळ जाऊ नये म्हणून आधी बसलेले असतानाच ती शोधून मनगटावर पेनाने ठिपका काढून ठेवायचा. पळणाऱ्याने स्वतः मोजायचं नाही, जोडीदाराने मोजायचं. धापा टाकत कुणाला मोजता येत नाही.

४४ म्हणजे बहुतेक ३० सेकंदांचा आकडा दुप्पट करायचा राहिला, खरे ८८. १६४ म्हणजे स्टेथोस्कोपात "लब" आणि "डब" हे दोन आवाज दोन ठोके धरले, खरे ८२. पण हे माझे तर्क आहेत, वहीत कच्चा आकडा नसेल तर दुरुस्त करू नका, परत मोजायला लावा. यापुढे "किती सेकंद" आणि "किती ठोके" हेच लिहायला सांगा, गुणाकार नंतर फळ्यावर सगळ्यांनी मिळून.

११२ वाला मुलगा तास सुरू होताना कुठे होता?

मृदुला_विज्ञान

तो मधल्या सुट्टीत कबड्डी खेळून घंटा झाल्यावर धावत आला होता! माझा तास सुट्टीनंतरचाच असतो.

अलका_फिजिओ

मग त्याची नाडी बसलेल्याची नव्हतीच. पाच मिनिटं गप्प बसवा, बोलायचं नाही, हसायचं नाही (आठवीत हे सर्वांत अवघड). तरीही खरी विश्रांतीची नाडी सकाळी उठल्या उठल्या अंथरुणातच मिळते. वर्गातल्या आकड्याला मी सरळ "बसून" असंच म्हणते. "आता पळायचंय" एवढं कळलं तरी मुलांचे पाच-दहा ठोके वाढतात, म्हणून आधीची मोजणी पळायचं जाहीर करण्यापूर्वीच उरका.

सर, मानेबद्दल. पळाल्यावर मानेवर पटकन सापडते हे खरं, पण मुलं जोरात दाबतात. तिथे दाबलं की ठोके उलट मंदावतात, एखाद्याला भोवळ येऊ शकते, आणि दोन्ही बाजू एकदम तर कधीच दाबायच्या नाहीत. जोडीदाराच्या मानेला हात लावायचा नाही, असा मी वर्गात नियमच करते.

२२० वजा वय हा मोठ्यांसाठीचा ढोबळ आडाखा. शाळेतल्या मुलांचे अगदी दमेपर्यंत पळवल्यावरचे ठोके साधारण दोनशेच्या आसपास असतात, मूल दहाचं असो की पंधराचं. दरवर्षी एकेक कमी होत नाही. शिवाय एका वयाच्या दोन मुलांतही दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो. त्यावरून कुणाला कामचुकार ठरवू नये.

शिट्टीवाले_सर

ताई, आमच्या प्रशिक्षणात तेच शिकवलं होतं, अजूनही तेच शिकवतात. दोनशे आणि दोनशे सात, फरक असा किती पडतो? पोरांना वजाबाकी तर येते.

अलका_फिजिओ

सात ठोक्यांनी फारसा नाही पडत, मान्य. पण "यायलाच हवेत" म्हटलं की मुलं तो आकडा वहीत आणूनच दाखवतात.

मृदुलाताई, पुढच्या तासाला पळवण्याआधी एक गोष्ट करा. एक मूल शांत बसवा, त्याच्या दोन्ही मनगटांवर दोन वेगळी मुलं नाडी धरतील. तुम्ही "सुरू" आणि "थांब" म्हणायचं, आणि दोघांनी एकमेकांना न सांगता कागदावर लिहायचं. हृदय एकच, म्हणजे दोघांत जो फरक येईल तो सगळा मोजणाऱ्यांचा.

मृदुला_विज्ञान

केलं! १५ सेकंद लावले होते. बहुतेक जोड्यांत एका ठोक्याचा फरक, काहींत दोनाचा. दोन ठोके म्हणजे चारने गुणल्यावर आठ! मुलंच ओरडली, "मॅडम, मग ८० आणि ८८ सारखेच का?" एक ठोका कुठे जातो तेही सापडलं. "सुरू" म्हणताक्षणी पडलेला ठोका काही जण एक मोजतात, काही शून्य.

आणि एक काळजीची गोष्ट. एका मुलाची नाडी मध्येच जलद, मध्येच संथ लागते. बाकीचे त्याला "ठोका चुकतो" म्हणून चिडवू लागले. घरच्यांना सांगू का?

अलका_फिजिओ

घड्याळ ठोक्याबरोबरच सुरू झालं तर तो पहिला ठोका शून्य धरायचा. आणि बसून मोजताना १५ सेकंद नकोत, तिथे नाडी स्थिर असते, पूर्ण मिनिट घ्या. एक ठोका चुकला तरी फरक एकाचाच.

त्या मुलाला सावकाश खोल श्वास घ्यायला सांगा आणि नाडीवर बोट ठेवून बघा. श्वास आत घेताना जलद आणि सोडताना संथ होत असेल, तर या वयात ते अगदी नेहमीचं आहे, आणि पळाल्यावर फारसं जाणवतही नाही. श्वासाशी काही संबंध न ठेवता नाडी अडखळत असेल, किंवा त्याला धाप, चक्कर, छातीत दुखणं असं काही होत असेल, तर घरच्यांना सांगून डॉक्टरांना दाखवा. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं त्यांनाही सांगता येईल. वर्गात मात्र निदान नको.

मृदुला_विज्ञान

श्वासाबरोबरच होतंय. सगळ्यांनाच खोल श्वास घ्यायला लावले, आणखी पाच-सहा जणांचं तसंच निघालं. चिडवणं आपोआप थांबलं.

आता खरा प्रश्न. मैदानाची फेरी सोडली, कारण प्रत्येक जण आपल्या वेगाने पळतो. व्हरांड्याच्या एका पायरीवर तीन मिनिटं चढ-उतार, मोबाईलवर मेट्रोनोम मिनिटाला ९६ वर, दर टकटकीला एक पाऊल, म्हणजे मिनिटाला २४ वेळा वर-खाली. ताप असलेल्यांना आणि दम्याच्या एका मुलीला घड्याळ सांभाळायला दिलं. दोन मुलांचे आकडे:

रोल नंबर ७: बसून ८८, थांबल्यावर १४०, एका मिनिटानंतर १०४
रोल नंबर २३: बसून ७२, थांबल्यावर १३२, एका मिनिटानंतर ११२

जास्त फिट कोण? वर्गाचं मत २३ च्या बाजूने, कारण त्याचे बसून कमी.

शिट्टीवाले_सर

२३ च. मी आधीच म्हटलं होतं.

अलका_फिजिओ

वर्गाला वजाबाकी करू द्या. ७ चे ५२ ने वाढले, २३ चे ६० ने. फरक आठचा, आणि तुमच्या मुलांनीच दाखवलं की आठ ठोके मोजणाऱ्याच्या बोटांत हरवू शकतात. म्हणजे वाढीवरून काहीच ठरत नाही. उतरण बघा. पहिल्या मिनिटात ७ चे ३६ ने उतरले, २३ चे २० ने. हा १६ चा फरक मोजणीच्या चुकीपेक्षा मोठा दिसतो. बसून जास्त असलेल्याची नाडी लवकर उतरली, हे वर्गाला विचारात पाडायला पुरेसं आहे.

तरी "फिट" शब्द मी फळ्यावर लिहिणार नाही. एकच दिवस, एकच मोजणी. २३ उंचीने कसा आहे? पायरी सगळ्यांना तेवढीच, पण बुटक्या मुलाला ती जास्त चढावी लागते. पुन्हा दोन वेगळ्या दिवशी करा. दोन्ही वेळी उतरणीत एवढाच फरक आला तर बोलता येईल. आणि यादी लावून नंबर काढायचे नाहीत, प्रत्येकाने आपला आजचा आकडा आपल्याच मागच्या आकड्याशी ताडायचा.

मृदुला_विज्ञान

२३ वर्गात सगळ्यांत बुटका आहे! उंचीप्रमाणे पायरी बदलायची तर विटा किंवा फळ्या ठेवून किती वाढवावी, कुणी करून पाहिलंय का?

शिट्टीवाले_सर

विटा नको, घसरतात. आमच्याकडे लाकडी स्टूल ठेवलं होतं, पण तेही सगळ्यांना एकच होतं. उंचीचं कोष्टक माझ्याकडे नाही.

अलका_फिजिओ

शाळेसाठी तयार कोष्टक माझ्याही पाहण्यात नाही. मी उंची जवळपास सारखी असलेल्यांचे गट करते आणि फक्त गटातल्या गटात बोलते. कुणी वेगळं करत असेल तर वाचायला आवडेल.