मदत हवी आहे: नकारानंतर मुलाखतकर्त्या मॅडमना आभाराचा मेल

पुण्यातल्या एका कंपनीत डेटा ॲनालिस्टच्या जागेसाठी तीन फेऱ्या झाल्या. काल एचआरकडून नकार आला. दुसऱ्या फेरीत टीमच्या मॅनेजर मॅडमनी माझी एसक्यूएल क्वेरी कुठे अडली ते दहा मिनिटं समजावून सांगितलं होतं. इतकं सहसा कोणी करत नाही, म्हणून त्यांचे मनापासून आभार मानायचे आहेत.

एचआरला दोन ओळींचं उत्तर पाठवलंय. मॅडमचा ईमेल मुलाखतीच्या निमंत्रणात दिसतो, पण त्यांनी स्वतः तो दिलेला नाही. लिंक्डइनवर अजून रिक्वेस्ट पाठवलेली नाही. मसुदा असा:

“नमस्कार मॅडम, निवड झाली नाही हे कळलं. जॉइनमुळे ओळी दुप्पट मोजल्या जात होत्या, हे तुम्ही दाखवलंत. तीच क्वेरी आधी ग्रुप करून, मग जोडून पुन्हा लिहिली. आता बेरीज जुळते. मनःपूर्वक आभार.”

नकाराचं कारण विचारायचं नाही, ते एचआरला वेगळं विचारेन. मेल इंग्रजीतच जाईल.

अडलंय ते इथे: “पुढे जागा निघाली तर कळवा” ही ओळ याच मेलमध्ये घालावी, की त्याने आभार मतलबी वाटतील? आणि निमंत्रणातल्या पत्त्यावर थेट लिहिणं चालतं, की एचआरमार्फतच पाठवावं?