मदत हवी आहे: थिअरी टेस्टमधले प्रायॉरिटीचे प्रश्न

चिवडाप्रेमी: पुढच्या आठवड्यात परीक्षा आहे. अ‍ॅपमधले सगळे प्रश्न घोकलेत, पण चौकाचं चित्र जरा फिरवलं की चुकतो. काही युक्ती आहे का? लवकर सांगा.

कोकणकडा: लर्निंगचीच ना? आरटीओची परीक्षा सोपी असते, खुणा पाठ करून जा.

चिवडाप्रेमी: अहो, जर्मनीतली! 30 प्रश्न असतात. 5 गुणांचे दोन चुकले तरी नापास.

नदीकाठ: कोणतं चित्र चुकतं ते सांग.

चिवडाप्रेमी: मुख्य रस्ता डावीकडे वळतो. मी त्याच रस्त्यावर खालून येतोय आणि सरळ जायचंय. उजवीकडून गाडी येतेय. मी 'तिला आधी' म्हटलं, चूक आलं.

सरळमार्गी: नियम एकच, उजव्याला आधी. पाटी नसेल तर डोळे मिटून लाव. गोल चक्रातही तेच.

नदीकाठ: सरळमार्गी, पाटी नसेल तर बरोबर. पण इथे पाटी आहे आणि तिच्यावरची जाड रेघ बघायची. खालचा आणि डावीकडचा रस्ता जाड, वरचा आणि उजवा बारीक. आधी जाड रेघेवरचे जातात, मग बारीक. म्हणून उजवीकडची गाडी तुझ्यासाठी थांबते. 'उजव्याला आधी' लागतं ते एकाच रेघेवरच्या दोघांत. डावीकडून सरळ जाणाऱ्याच्या उजवीकडे तू आहेस, तर तो थांबेल. उरलेल्या दोघांत वरच्या रस्त्याची गाडी आधी.

आता चक्र. इथे उजव्या बाजूने गाडी चालवतात, त्यामुळे आत शिरणारा नेहमी आतल्याच्या उजवीकडून येतो. त्याला आधी सोडलं तर आतले थांबतात, कोणी बाहेर पडत नाही आणि चक्र तुंबतं. म्हणून शिरतानाच्या तोंडावर उलटा त्रिकोण लावून आतल्यांना आधी जाऊ देतात. आपल्याकडे डावीकडून चालवतात, म्हणून चक्रातली गाडीच आपल्या उजवीकडून येते. तिथे 'उजव्याला आधी' म्हटलं तरी चक्र वाहतं राहतं. तीच ओळ पाठ करून इथे आलात की फसता.

सरळमार्गी: आमच्या गावात त्रिकोण नसलेलं छोटं चक्र आहे, तिथे उजव्यालाच आधी सोडतात.

नदीकाठ: त्रिकोण आणि चक्राची निळी पाटी दोन्ही नसतील तर तसंच, मान्य. पण परीक्षेच्या चित्रात पाटी आहे की नाही हे आधी बघा.

पुणेरी_पाहुणा: माझा प्रश्न वेगळाच आहे. भारतीय लायसन्स इथे 6 महिनेच चालतं ना? माझे संपत आलेत.

कोकणकडा: मी तर म्हणतो परीक्षा पुढे ढकल.

चिवडाप्रेमी: ढकलणार नाही. जाड रेघ समजली, आता कागदावर स्वतः चौक काढून बघतोय. पण मुख्य रस्त्याबरोबर डावीकडे वळलो तर इंडिकेटर द्यायचा का? वाट तर तीच आहे.

नदीकाठ: द्यायचाच. वळणाबरोबर गेलास तर डावा, सरळ गेलास तर नाही. समोरून येणाऱ्याला तुझी वाट त्यावरूनच कळते.

चिवडाप्रेमी: आणि पाटी नसलेल्या चौकात ट्राम डावीकडून आली तर?

सरळमार्गी: ट्रामला कायम आधी.

नदीकाठ: कायम नाही. ट्रामच्या चालकालाही तिथे उजव्याला आधी सोडावं लागतं.

सरळमार्गी: आमच्या शिक्षकांनी उलटं सांगितलं होतं. उद्या विचारतो.