शब्दचर्चा: ‘अलवचीक मागणी’ म्हणजे मागणी हलतच नाही का?

मीनल, जळगाव
नमस्कार सगळ्यांना. मी एमबीए पहिल्या वर्षाला आहे, शाळा पूर्ण मराठी मीडियमची त्यामुळे अर्थशास्त्राचा शब्द मराठीत वाचला की लवकर डोक्यात बसतो, पण मार्केटिंगच्या क्विझची तयारी करताना एकाच शब्दावर आमचा सगळा ग्रुप अडलाय. सराव प्रश्न असा आहे: केळीचा भाव डझनाला ४० वरून ५० रुपये झाला आणि दिवसाची विक्री २०० डझनावरून १८० डझनावर आली, तर बरोबर विधान कोणतं.

अ) मागणी लवचीक आहे, एकूण प्राप्ती वाढली
ब) मागणी अलवचीक आहे, एकूण प्राप्ती वाढली
क) मागणी अलवचीक आहे, एकूण प्राप्ती घटली
ड) मागणी पूर्णपणे अलवचीक आहे, एकूण प्राप्ती होती तेवढीच राहिली

आता अलवचीक म्हणजे जे लवत नाही, वाकत नाही. इथे तर २० डझन विक्री पडली म्हणजे मागणी वाकली ना? मग ब, क, ड तिन्ही एकदम कटतात आणि अ उरतो, असं ग्रुपमधल्या निम्म्या लोकांचं म्हणणं आहे. मला ते पटत नाहीये पण का पटत नाही ते सांगता येत नाही. शब्दाचा नेमका अर्थ काय धरायचा आणि पर्याय कसे काढायचे?

धुळेकर
ताई अ च बरोबर आहे. अलवचीक मागणी म्हणजे जीवनावश्यक वस्तूची मागणी, मीठ, औषध वगैरे, भाव वाढला तरी माणूस घेतोच. केळी काय जीवनावश्यक नाही, महाग झाली तर लोक पेरू घेतील. म्हणून लवचीक. आम्हाला बीकॉमला असंच शिकवलंय.

जुने मास्तर, भुसावळ
धुळेकर भाऊ, मिठाची मागणी अलवचीक असते हे तुमचं बरोबर आहे, पण ते कारण झालं, माप नाही. प्रश्नात भाव आणि विक्री दोन्हीचे आकडे दिलेले असताना वस्तू कसली आहे यावरून ठरवायला जायचंच नाही, आकडे काय बोलतात ते ऐकायचं. केळीच्या जागी सोनं लिहिलं असतं तरी ह्या आकड्यांना उत्तर तेच आलं असतं.

आता मीनलचा शब्द. बाळा, ‘अलवचीक’ ह्या शब्दातला ‘अ’ तू पूर्ण नकार म्हणून वाचतेयस, घोळ तिथे आहे. अर्थशास्त्रात तो तुलनेचा आहे. भाव शेकड्यात जितका हलला त्यापेक्षा मागणी शेकड्यात कमी हलली तर अलवचीक, जास्त हलली तर लवचीक, बरोबरीने हलली तर एकक लवचीक. अजिबात हललीच नाही त्यासाठी ‘पूर्णपणे’ हा वेगळा शब्द जोडावा लागतो. म्हणून काही पुस्तकांत ‘कमी लवचीक’ आणि ‘जास्त लवचीक’ असे शब्द वापरतात, मला तेच जास्त आवडतात कारण ते वाचून पोरांचा असा गैरसमज होत नाही.

पर्याय काढताना मी तर लवचीक शब्दाला आधी हातच लावत नाही. आधी गुणाकार. ४० गुणिले २०० म्हणजे ८०००, ५० गुणिले १८० म्हणजे ९०००. प्राप्ती वाढली. ‘घटली’ म्हणणारा क गेला, ‘तेवढीच’ म्हणणारा ड गेला. उरले अ आणि ब, मग शब्दाकडे यायचं. भाव ४० वर १० वाढला म्हणजे २५ टक्के, विक्री २०० वर २० घटली म्हणजे १० टक्के. १० भागिले २५, ०.४ आलं, एकपेक्षा कमी. मागणी भावाच्या मानाने कमी हलली, म्हणून अलवचीक, म्हणून ब.

मीनल, जळगाव
सर ‘कमी लवचीक’ म्हटल्यावर एकदम उलगडलं. मग ड मधलं ‘पूर्णपणे’ नुसतं बघूनच काढता आलं असतं ना, विक्री १८० झालीय म्हटल्यावर?

जुने मास्तर, भुसावळ
हो, अगदी. पण ड कडे अजून एकदा बघ, त्यात दुसरीही खोट आहे. मागणी खरंच पूर्णपणे अलवचीक असती तर विक्री २०० च राहिली असती आणि प्राप्ती ५० गुणिले २०० म्हणजे १०,००० झाली असती. म्हणजे ‘तेवढीच’ राहिलीच नसती, भावाबरोबर २५ टक्के वाढली असती. ‘प्राप्ती तेवढीच’ हे शेपूट एकक लवचीक मागणीचं आहे, प्रश्न काढणाऱ्याने ते पूर्णपणे अलवचीकला लावलंय. अ चं पण तसंच, भाव वाढवला, मागणी लवचीक आणि वर प्राप्ती वाढली, हे तिन्ही एकत्र नांदत नाही. क मधे भाव वाढला, मागणी अलवचीक आणि प्राप्ती घटली, हेही सहसा नांदत नाही. म्हणजे आकडे न बघता नुसती जोडी तपासली तरी तीन पर्याय आपल्याच बोलण्यात अडकतात. ‘सहसा’ का म्हटलं ते नंतर सांगतो, आता वर्गावर जायचंय.

केळीवाला, रावेर
राम राम मंडळी. प्रश्न केळीचा दिसला म्हणून लिहितो. आमच्याकडे भाव डझनाला नाही क्विंटलला चालतो आणि बऱ्हाणपूरच्या भावाकडे बघून ठरतो. भाव पडला तरी माले घड कापावाच लागतो भो, झाडावर पिकला तर कोणी घेत नाही, गाडीत माल भरून पुढे पाठवायचा तर तो कच्चाच लागतो. म्हणजे भाव ५० टक्के पडला तरी माझा माल तेवढाच बाजारात जातो. मग हे पूर्णपणे अलवचीक झालं की नाही, ड का चुकीचा म्हणता तुम्ही?

मीनल, जळगाव
काका तुम्ही जे सांगताय ते तुमच्या बाजूचं आहे ना, विकणाऱ्याच्या. प्रश्नात गिऱ्हाईक किती घेतं ते विचारलंय.

शब्दवेडी, नंदुरबार
मीनल बरोबर बोलतेय. काकांचं उदाहरण एकदम पक्कं आहे पण ते पुरवठ्याच्या लवचिकतेचं, तोडणीला आलेल्या केळीचा पुरवठा त्या आठवड्यापुरता जवळजवळ अलवचीकच असतो. म्हणून प्रश्न वाचताना ‘लवचिकता’ शब्दाच्या मागे कोणाची ते आधी बघावं, मागणीची की पुरवठ्याची, आणि मागणीची असली तरी किमतीला धरून की उत्पन्नाला धरून. क्विझमधे एखादा पर्याय हमखास दुसऱ्याच लवचिकतेचं खरं विधान असतो, वाचायला बरोबर वाटतो आणि विचारलेल्याचं उत्तर नसतो.

जाता जाता एक, लिहिताना ‘लवचीक’ मधे ची दीर्घ आणि ‘लवचिकता’ मधे चि ऱ्हस्व. शब्द लवणे वरून आलाय, वाऱ्याने ज्वारीचं ताट लवतं तसं. आणि मीनलची मूळ अडचण इथूनच येते असं मला वाटतं, बोलताना आपण एखादी वस्तू लवते किंवा लवत नाही असं दोनच खान्यांत बोलतो, किती लवते ते मोजत नाही. अर्थशास्त्राने शब्द तोच घेतला पण त्याला मोजपट्टी लावली.

धुळेकर
ठीक आहे आकड्यांचं पटलं. पण मार्केटिंगच्या क्विझमधे आकडे नसलेले प्रश्न पण येतात की. तिथे तर वस्तू बघूनच ठरवावं लागेल.

शब्दवेडी, नंदुरबार
हो, तिथे तुमची रीत चालते, फक्त वस्तू किती रुंद धरलीय ते बघायचं. ‘मीठ’ आणि ‘अमुक ब्रँडचं मीठ’ ह्या दोन वेगळ्या मागण्या आहेत. मिठाला पर्याय नाही म्हणून मिठाची मागणी कमी लवचीक, पण एका ब्रँडने पुडा महाग केला तर बाई शेजारचा पुडा उचलते, म्हणून त्या ब्रँडची मागणी चांगलीच लवचीक असू शकते. मार्केटिंगवाल्यांचा प्रश्न बहुतेक ब्रँडचा असतो आणि आपण उत्तर देतो वस्तूचं. ‘मीठ जीवनावश्यक म्हणून कंपनीने भाव वाढवला तर प्राप्ती वाढेलच’ असा पर्याय दिसला की मी आधी तोच तपासते.

धुळेकर
हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं. धन्यवाद ताई.

जुने मास्तर, भुसावळ
आलो. सकाळी ‘सहसा’ म्हटलं होतं त्याचं. हाच प्रश्न घ्या, फक्त विक्री १८० च्या ऐवजी १५६ डझनावर आली असं धरा. घट ४४ ची, २०० वर म्हणजे २२ टक्के. भाव २५ टक्के वाढलेला. २२ भागिले २५, ०.८८, एकपेक्षा कमी म्हणजे अलवचीक. आता गुणाकार करा, ५० गुणिले १५६ म्हणजे ७८००. आधी ८००० होती. प्राप्ती घटली! म्हणजे क पर्याय, जो आपण जोडी जुळत नाही म्हणून काढला असता, तो बरोबर दिसायला लागला.

कारण असं की टक्केवारी आपण जुन्या आकड्यावर काढतोय. भावाचा बदल लहान असतो, दोन-चार टक्के, तेव्हा हा फरक जाणवत नाही, पण एकदम २५ टक्के उडी मारली की हिशोब सरकतो. अशा वेळी कंस लवचिकता काढतात, म्हणजे बदल जुन्या आकड्यावर न काढता दोन्ही आकड्यांच्या सरासरीवर काढायचा. भावाची सरासरी ४५, त्यावर १० म्हणजे साधारण २२.२ टक्के. विक्रीची सरासरी १७८, त्यावर ४४ म्हणजे साधारण २४.७ टक्के. भागाकार १.११ च्या आसपास, एकपेक्षा जास्त, म्हणजे लवचीक. भाव वाढला, मागणी लवचीक, प्राप्ती घटली, जोडी परत जुळली. सरासरीवर काढलं की प्राप्तीचा नियम कधी मोडत नाही.

मीनल, जळगाव
सर कंस लवचिकता म्हणजे कंसात टाकून सोडवायची असं वाटलं मला, भागाकाराचे कंस.

शब्दवेडी, नंदुरबार
दहावीच्या भूमितीतला वर्तुळकंस आठव, तो कंस. मागणी वक्राचा दोन बिंदूंमधला तुकडा.

मीनल, जळगाव
अच्छा!! म्हणजे वक्राचा तुकडा, म्हणून दोन्ही टोकांची सरासरी. मग मूळ प्रश्नात कंस पद्धतीने काय येतं, मी करून बघते. २२.२ आणि विक्रीची सरासरी १९० वर २० म्हणजे १०.५, भागाकार ०.४७. तरी ब च.

पण सर, ह्याच प्रश्नाचा पुढचा भाग आहे ‘लवचिकतेचे मूल्य किती’ आणि पर्यायात ०.४ पण आहे आणि ०.४७ पण आहे, बाकीचे दोन २.५ आणि २.११. ते दोन तर भागाकार उलटा केलेले दिसतात, भाव वर आणि मागणी खाली, ते काढले. पण उरलेल्या दोघांत काय धरायचं? प्रश्नात पद्धत लिहिलेली नाही.

जुने मास्तर, भुसावळ
उलट्या भागाकाराचे दोन बरोबर ओळखलेस. पद्धत लिहिलेली नसेल तर मी ०.४ धरेन, साध्या टक्केवारीची रीत आधी शिकवतात म्हणून.

शब्दवेडी, नंदुरबार
मास्तर, मी सहमत नाही. भाव २५ टक्के हललाय आणि ०.४७ मुद्दाम पर्यायात ठेवलाय म्हणजे कंस पद्धत अपेक्षित असू शकते. तुमच्याच १५६ च्या उदाहरणाने दाखवलंय की एवढ्या उडीला साधी टक्केवारी भरवशाची नाही.

जुने मास्तर, भुसावळ
तेही खरं, पण उलटही म्हणता येतं की ०.४७ जाळं म्हणून ठेवलाय. मीनल, तुमच्या नोट्समधे लवचिकतेचं पहिलं सोडवलेलं गणित काढ आणि भागाकारात खाली जुना भाव आहे की सरासरी ते बघ. तुमचे सर ज्या रीतीने शिकवतात त्याच रीतीने क्विझ काढतील.

मीनल, जळगाव
नोट्स मैत्रिणीकडे आहेत, उद्या बघून सांगते.

केळीवाला, रावेर
आणि पुरवठ्याचा प्रश्न आला तर तो पण इथे टाक पोरी.