मदत हवी आहे: ६४ स्लाइडचं पीपीटी, लोक मधेच हरवायलेत, अजेंडा अन् डिव्हायडर कसे टाकायचे?

भूमचा_पाऊस
नमस्कार मंडळी. आम्ही धाराशिव जिल्ह्यात काही गावांत पाण्याचा ताळेबंद करायलोत, त्याचं पीपीटी मला करायला दिलंय. ६४ स्लाइड झाल्यात, कमी करा म्हणलं की प्रत्येकाला आपल्या गावची स्लाइड पाहिजेच. आतल्या आत एकदा दाखवून बघितलं तर अर्ध्यात एक जण विचारायला की खर्चाचा विषय येऊन गेला का यायचाय? म्हणून पुढं अजेंडाची स्लाइड टाकली, ती पण नऊ ओळींची झाली अन् कुणी वाचलीच नाही. पुढच्या हप्त्यात तालुक्याला साहेब लोकांसमोर दाखवायचंय. मधे मधे सेक्शनची स्लाइड टाकतात ती नेमकी कशी अन् किती टाकायची? पॉवरपॉइंट आहे माझ्याकडं, पण तिथला लॅपटॉप ऑफिसचा असणार, त्यात कोणतं व्हर्जन ते माहीत नाही.

जालन्याचा_राजा
सोपंय की. डाव्या बाजूला स्लाइडच्या मधी राइट क्लिक करून Add Section करायचं, नाव द्यायचं, झालं. अजेंडा आपोआप तयार होतो.

मास्तर_नांदेड
सेक्शन ब्रेक टाकला की माझे पान नंबर परत १ पासून सुरू होतात, ते कसं थांबवायचं? तुमचं झालं की माझं पण सांगा कुणीतरी.

परभणीकर_ताई
मास्तर, तुम्ही वर्डचं म्हणायलात, इथं पॉवरपॉइंट चालू आहे. त्याचा वेगळा धागा काढा, सांगते तिथं.

राजाभाऊ, तुमचं निम्मं बरोबर आहे. Add Section करावंच, पण ते फक्त आपल्यासाठी असतं, पडद्यावर त्यातलं काहीच दिसत नाही. फायदा असा की सेक्शनचं नाव धरून ओढलं की आतल्या सगळ्या स्लाइड एकदम सरकतात. फक्त त्या नावावर राइट क्लिक केल्यावर Remove Section अन् Remove Section & Slides असे दोन पर्याय जवळजवळ असतात, दुसरा दाबला तर स्लाइड पण गेल्या, मग Ctrl+Z.

भूमवाले, आधी सांगा, ६४ स्लाइड गावानुसार लावल्यात का विषयानुसार? अन् नऊ ओळी कोणत्या?

भूमचा_पाऊस
विषयानुसारच आहेत ताई, गावं आतमधी येतात. पहिली अन् शेवटची सोडून पाऊस-विहिरी ११, ताळेबंद १४, पिकं ९, कामं २२, खर्च अन् मागणी ६. नऊ ओळी म्हणजे प्रस्तावना, उद्देश, कार्यपद्धती, भूजल सद्यस्थिती विश्लेषण असं करत करत शेवटी आभार.

परभणीकर_ताई
मग भाग तुमच्याकडं तयारच आहेत, अजेंडात भलतंच लिहिलंय. प्रस्तावना, उद्देश, आभार या ओळी काढून टाका, त्यासाठी कुणी आलेलं नसतं. आता बघा, कामांच्या २२ स्लाइड म्हणजे सगळ्याच्या तिसरा हिस्सा एकाच नावाखाली, माणूस हरवतो तो तिथंच. झालेली कामं १३ अन् राहिलेली ९ असे दोन करता येतील का? म्हणजे सहा ओळी होतात, त्याच्यावर जाऊ नका. अन् ओळ अशी लिहा की वाचल्यावर आत काय आहे ते कळावं. "भूजल सद्यस्थिती विश्लेषण" च्या जागी "विहिरींत पाणी किती उरलं". "आर्थिक बाबी" च्या जागी "खर्च किती, मागणी काय".

आता डिव्हायडर. वेगळी डिझाइनची स्लाइड नका करू, अजेंडाचीच कॉपी करा. अजेंडा पक्का झाला की Ctrl+D ने पाच कॉपी काढा, दुसऱ्या भागापासून प्रत्येक भागाच्या पुढं एक ठेवा. पहिल्या भागाला नको, कारण अजेंडा संपला की लगेच तोच येतो, एकच स्लाइड दोनदा बघून लोक कंटाळतात. प्रत्येक कॉपीत चालू ओळ ठळक अन् गडद, बाकीच्या करड्या. करडा फार फिका घेऊ नका, दिवसा हॉलच्या खिडक्या उघड्या असल्या की प्रोजेक्टरवर तो दिसतच नाही. मी चालू ओळीच्या डाव्या बाजूला एक जाड पट्टी पण टाकते, रंग उडाला तरी पट्टी दिसते. एसटीत कंडक्टर पुढचा स्टॉप ओरडतो तेवढंच काम या स्लाइडचं, तिच्यावर दोन-चार सेकंदापेक्षा जास्त थांबायचं नाही.

शेवटच्या घडीला ओळ बदलायची झाली तर सहा ठिकाणी हाताने बदलू नका, एखादी राहतेच. Ctrl+H करून Replace All मारा, सगळ्या फाइलीत बदलते. फक्त शोधायला पूर्ण ओळ टाका, नुसतं "पाणी" टाकलं तर सगळ्याच स्लाइडींचा खिचडा होईल.

लातूरचा_वकील
हे सगळं ठीक, पण ६४ च्या ७० झाल्या की हो. आमच्याकडं साहेब आधी स्लाइडचा आकडाच बघतात. त्यापेक्षा प्रत्येक स्लाइडच्या वर बारीक पट्टी ठेवा, सहा नावं, चालू असलेलं रंगीत. डिव्हायडर लागतच नाही.

परभणीकर_ताई
पट्टी वाचून दाखवणाऱ्याला बरी, मागच्या रांगेतल्याला सहा देवनागरी नावं बारीक अक्षरात दिसत नाहीत. तुमच्या हॉलमधी दिसत असतील तर करा, माझा विरोध नाही.

जालन्याचा_राजा
अरे पण अजेंडा आपोआप होतो, मी केलाय, चित्रं चित्रं येतात, क्लिक केलं की तिथं जातो.

परभणीकर_ताई
हां, ते Insert मधलं Summary Zoom. ते चांगलंय, भाग संपला की आपोआप अजेंडावर परत पण येतं. पण ते २०१९ पासून पुढच्या किंवा ३६५ मधलं. ऑफिसचा लॅपटॉप जुना निघाला तर ती चित्रं साध्या लिंकसारखी चालतात, जाता येतं पण परतीचं काही खरं नाही. व्हर्जन माहीत नसताना त्याच्या भरवशावर जाऊ नका.

त्यापेक्षा अजेंडाच्या ओळीवर Ctrl+K, Place in This Document, अन् त्या भागाची स्लाइड निवडा. यादीत नावाऐवजी नुसतं Slide 29 दिसलं तर समजायचं की तिथं शीर्षकाच्या चौकटीत काही लिहिलेलंच नाही, नाव वेगळ्या टेक्स्ट बॉक्समधी टाकलंय. हे आधी View मधी Outline View उघडून तपासा, रिकाम्या ओळी लगेच दिसतात.

अन् काहीच नाही चाललं तर शो चालू असताना नंबर दाबून Enter मारा, त्या स्लाइडवर जातं. तुमचे डिव्हायडर १४, २९, ३९, ५३ अन् ६३ वर येतील. "खर्चाचं दाखवा" म्हणले की ६३ अन् Enter. नंबरांची चिठ्ठी कीबोर्डजवळ ठेवा.

भूमचा_पाऊस
ताई लई उपकार. कामांचे दोन भाग केले, राहिलेल्या कामांत खरं तर दोन स्लाइड खर्चाच्या होत्या त्या पण आता दिसल्या, त्या शेवटी हलवल्या म्हणजे नंबर थोडे सरकतील. आता एक अडचण. साहेबांना छापील कॉपी पण पाहिजे, एका पानावर तीन स्लाइड. त्यात हे पाच डिव्हायडर नकोत. Hide केलं तर शोमधून पण जातील ना?

लातूरचा_वकील
जातील. म्हणून तर म्हणलं पट्टी ठेवा.

परभणीकर_ताई
Hide नका करू. Print मधी Slides च्या रकान्यात 1-13,15-28 असं लिहा, पुढंही तसंच डिव्हायडर सोडून, अन् खाली 3 Slides निवडा. मात्र नंबर हलवाहलव झाल्यावरचे घ्या. एक बघायचं राहतंय, छापल्यावर स्लाइडच्या कोपऱ्यातला नंबर मूळचाच राहतो, मग १३ नंतर १५ बघून "एक पान कुठं गेलं" असं विचारणारा एखादा निघतोच. मी तरी डिव्हायडर छापू देते.

मास्तर_नांदेड
वेगळा धागा काढलाय, ताई या तिकडं.