चौदा लाख आणि काजूचा कारखाना: ‘सगळं लावा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

साखळीकर (मूळ पोस्ट):
वय 41, खाजगी नोकरी, हातात 46 हजार. बँकेत एकूण 14 लाख आहेत. मार्चपासून नोकरी सोडून काजू प्रोसेसिंग युनिट टाकतोय, सगळे पैसे त्यातच. घरी वडील (डायबेटिस), बायको, दोन मुलं, घराचा हप्ता. बायको घाबरते. पण गोंयकार कायम नोकरीला चिकटतो म्हणूनच धंदे बाहेरच्यांच्या हातात गेले. जोखीम घ्यायची हिंमत नसेल तर आयुष्यभर हप्तेच भरा. कुणाला काही वेगळं वाटतं का?

खतावणी:
वाटतं. हिंमतीबद्दल माझं काही म्हणणं नाही, ती तुमच्याकडे भरपूर दिसते. मुद्दा ऐपतीचा आहे आणि या दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत. हिंमत तुमची एकट्याची असते. ऐपत काढायची तर वडिलांच्या गोळ्यांपासून मोजत यावं लागतं.

दरमहा चुकवता न येणारा खर्च आधी लिहा. मी अंदाजाने धरते: हप्ता 13,500, शाळा 6,000, औषधं 4,500, किराणा-वीज-पेट्रोल 14,000. झाले 38 हजार. आता पैसा परत कधी येतो ते बघा. बी तुम्ही मार्च ते मे घेणार. फोडून, सुकवून, साल काढून विक्रीचा खरा जोर चतुर्थीपासून दिवाळीपर्यंत. घाऊकवाला महिना-दीड महिना उधारी मागतोच. म्हणजे एप्रिलपासून सप्टेंबरअखेर घरात एक रुपया येणार नाही असं धरूनच चला. पहिला हंगाम फसला तर दुसऱ्या हंगामापर्यंत जगायचं आहे, म्हणून मी सहा नाही, बारा महिने धरते: 4 लाख 56 हजार. वडिलांसाठी 2 लाख वेगळे. मुलांपैकी कुणाची अकरावी-बारावी जवळ आली असेल तर आणखी 2 लाख. उरले साधारण साडेपाच लाख. धंद्याचे पैसे एवढेच, चौदा नव्हेत.

आणि नोकरीबरोबर कंपनीचा आरोग्यविमाही जातो. वडिलांसाठी नवी पॉलिसी घेतलीत तर आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. राजीनामा देण्याआधी त्याच विमा कंपनीकडून वैयक्तिक पॉलिसीत बदलून मिळते का हे विचारा. नंतर विचारून उपयोग नाही.

धडाकेबाज:
आला हिशोब! असे हिशोब करणारे लोक निवृत्त होईपर्यंत हिशोबच करतात. वडिलांना सरकारी आरोग्यविम्याचं दीनदयाळ कार्ड आहे, चार किंवा जास्त माणसांचं कुटुंब असेल तर 4 लाखांपर्यंत. बांबोळीला जीएमसीचं सरकारी हॉस्पिटल आहे. आणि पीएमईजीपी ही सरकारी कर्ज-अनुदान योजना कशासाठी आहे? ग्रामीण भागात 25 टक्के अनुदान, स्वतःचे फक्त 10 टक्के. सरकार बँकेला हमी देतं, तारण नाही. स्वतःचे पैसे लावायचेच नाहीत, मग जोखीम कसली?

खतावणी:
अर्धं बरोबर आहे तुमचं, म्हणूनच धोक्याचं. अनुदान तुमच्या हातात पडत नाही, तीन वर्षं ठेव म्हणून बँकेत बांधलेलं राहतं आणि युनिट चालू असलं तरच नंतर कर्जात वळतं होतं. पहिल्या हंगामात बी घ्यायला त्याचा काही उपयोग नाही. आणि हमीचं म्हणाल, तर सीजीटीएमएसई या सरकारी हमी निधीची हमी बँकेसाठी असते. कर्ज बुडालं तर बँकेला भरपाई मिळते, तुमची सुटका होत नाही. वसुली तुमच्याचकडून होते आणि सिबिल जातं ते वेगळंच. ‘तारण नाही’ म्हणजे ‘देणं नाही’ नव्हे.

दीनदयाळचं मान्य. पण ती यादीतल्या उपचारांसाठी आहे. दर महिन्याच्या इन्सुलिनचं बिल तिच्यातून भागत नाही.

वाळपई बाजार:
दोघेही काजूबद्दल बोलतच नाहीत, म्हणून लिहितो. साखळीकर, मशीन म्हणजे कारखाना नव्हे बाबा. बॉयलर, कटर, ओव्हन, पीलिंग, सगळं मिळून समजा 8 लाखांत बसवलंत. ते रोज 200 किलो बी फोडणार. वर्षाचे 250 दिवस चालवायचं तर 50 टन बी लागते. भाव 120 धरला तर 60 लाख. आणि ही बी तीन महिन्यांतच घ्यायची असते, कारण पुढे झाडाला बी नसते. तुमच्याकडे मशीन घेऊन 6 लाख उरले, त्यात 5 टन बी आली. म्हणजे कारखाना 25 दिवस चालणार आणि अकरा महिने कुलूप. मग जास्त व्याजाने पैसे आणता, की आयात केलेली बी फोडून ‘गोव्याचे काजू’ म्हणता, ते तुम्ही ठरवा.

दुसरं, ओलावा. मे महिन्यात वळवाचा पाऊस पडला की बी भिजलेली येते. 15 टक्के ओलाव्याची 1,000 किलो बी 8 टक्क्यांवर सुकवली की उरते 924 किलो. म्हणजे 120 ने घेतलेली तुम्हाला 130 ला पडली. आणि न सुकवता पोत्यात भरलीत तर जूनमध्ये बुरशी. म्हणून किलोभर बी जागेवर फोडून बघतात: चांगला गर पाव किलोच्या आसपास निघाला पाहिजे, काळे डाग असलेला बाजूला. हे डोळ्यांना कळायला निदान एक हंगाम जातो.

टिप्पर:
जोखीम-जोखीम म्हणून कोण शिकवतोय? 2012 च्या सप्टेंबरला डिचोली-सत्तरीतल्या ट्रकवाल्यांना विचारा. बँका दारात येऊन कर्ज देत होत्या. खाणी बंद, हप्ता चालू. 2018 च्या मार्चला परत तेच. तेव्हा हे हिशोबवाले कुठे होते? बँकेच्या मॅनेजरला कुणी ऐपत विचारली?

धडाकेबाज:
टिप्परभाऊ, इथे काजूचं चाललंय.

टिप्पर:
काजूचंच बोलतोय मी. टिप्पर खाणीशिवाय कशाला कामाचा? एक मालक, एकच माल, सगळे पैसे त्या एका वाटेवर. भंगाराच्या भावात विकले लोकांनी. काजूचा ओव्हन उद्या विकायला काढ, कोण घेतो बघ.

वाळपई बाजार:
घेणारा मिळतो, पण घासाघीस करून अर्ध्या किमतीत. हा माणूस आडवं बोलतो, पण बरोबर बोलतो.

कुळागर:
सगळे पैशांवर बोलताय. बायको ‘घाबरते’ असं लिहिलंय, म्हणजे परवानगी द्यायला तिचं काय आहे असा सूर. गोव्यात लग्न झालंय ना? मग पोर्तुगीज नागरी कायद्याप्रमाणे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर, संसारातलं अर्धं तिचं. घर गहाण टाकायचं तर तिची सही हवीच. आयकराचा कायदा बघा, पगार सोडून बाकी उत्पन्न नवरा-बायकोत निम्मं निम्मं दाखवावं लागतं, म्हणजे काजूचा नफासुद्धा. कागदावर ती अर्धी मालकीण. तिला घाबरट म्हणायच्या आधी तिचे सात लाख तिला विचारून लावा.

साखळीकर:
ताई, घाबरट म्हटलेलं नाही. घर गहाण टाकणारच नव्हतो, वडिलोपार्जित आहे.

कुळागर:
वडिलोपार्जित म्हणजे अजून छान. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर किती नावं आहेत? आजोबांचं नाव अजून तसंच असेल तर काका, आत्या, त्यांचे नवरे-बायका, सगळ्यांच्या सह्या. इन्व्हेंटरी, म्हणजे कोर्टातून वारसांची वाटणी, केल्याशिवाय बँक हात लावत नाही.

मडकई एकटा:
याच धाग्यावर विचारतो. आमचं घर भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या जमिनीत आहे, मुंडकार म्हणून नोंद आहे पण जमीन विकत घेतलेली नाही. त्यावर होमस्टेसाठी कर्ज मिळेल का?

कुळागर:
मुंडकाराने जमीन विकत घेऊन ती नावावर झाल्याशिवाय बँक तारण म्हणून घ्यायला कचरते. मामलतदाराकडे खरेदीचा अर्ज आधी करा. आणि वेगळा धागा काढा, हा काजूचा आहे.

मडकई एकटा:
अर्ज करून सहा वर्षं झाली! भाटकार तारखेला येतच नाही!

(यापुढचे 14 प्रतिसाद भाटकार-मुंडकारांवर आहेत. खतावणींचा खालचा प्रतिसाद त्यात हरवत होता, म्हणून वर आणला. – व्यवस्थापक)

खतावणी:
साखळीकर, वाळपई बाजारांनी दिलेल्या आकड्यांवर छोटा प्रयोग मांडते. मशीन घेऊच नका. 3 टन बी 120 ने घ्या: 3.6 लाख. सुकून 2,772 किलो. चालू युनिटला जॉबवर्कला द्या, किलोमागे 30 धरले तर 83 हजार. गर 25 टक्के, म्हणजे 693 किलो. किलोचा खर्च साधारण 640. अख्खा-तुकडा मिळून सरासरी 700 मिळाले तर 42 हजार उरले. तुकडा जास्त निघून सरासरी 600 वर आली तर 27 हजारांचा खड्डा. पॅकिंग-वाहतूक वेगळी. हा खड्डा तुमच्या साडेपाच लाखांत मावतो आणि घरी कुणाला कळतही नाही.

आता घरखर्चाचे पैसे बाजूला का ठेवायचे, तेही सांगते. सगळं अडकवून बसलेल्या माणसाला जूनमध्ये शाळेची फी आली, ऑगस्टमध्ये वडिलांना दाखल करावं लागलं की तो मिळेल त्या भावाला माल काढतो. घाऊकवाल्याला हे वास काढूनच कळतं. ज्याच्या घरात दिवाळीपर्यंतचा किराणा आहे तो ‘नको, नंतर बघू’ म्हणू शकतो. 640 खर्चाचा गर 610 ला द्यावा लागणं आणि 700 ला विकणं, यातला फरक बी फोडण्यात नाही, घरच्या किराण्याच्या डब्यात आहे.

वाळपई बाजार:
थांबण्यालाही मर्यादा आहे हं. आपल्या पावसात उघडा गर आठवड्यात नरम पडतो. 11.34 किलोच्या डब्यात किंवा व्हॅक्यूम पाकिटात सील करून ठेवलेला असेल तरच थांबा. नाहीतर थांबण्यातच भाव जाईल.

धडाकेबाज:
बरं, जॉबवर्क चांगली कल्पना आहे, मानलं. पण एक सांगा. बी घ्यायला पहाटे गावागावात कोण फिरणार? मालक ऑफिसला आणि खरेदी दलालाकडे, म्हणजे ओली बी घरपोच. नोकरी सांभाळून काजू होत नाही, हेही लिहा तुमच्या खतावणीत.

खतावणी:
लिहिलं. तुमचा हा एक मुद्दा खरा आहे. एप्रिल-मे बिनपगारी रजा मिळते का बघावं. दोन महिन्यांचा पगार जाईल, 92 हजार. तोही प्रयोगाच्या खर्चात धरायचा, मग माझा 42 हजारांचा नफाही तोट्यातच जातो. नोकरी तेवढी राहते.

धडाकेबाज:
म्हणजे नफ्यातसुद्धा तोटा! धन्य तुमचा हिशोब.

साखळीकर:
रजा एकच महिना मिळते, विचारलं. वाळपईदादा, जॉबवर्क करणारा 3 टन घेतो का, की त्याला निदान 10 टन लागतात?

वाळपई बाजार:
हंगामात नाही घेत कोणी, स्वतःचीच बी पडलेली असते. जुलैत घेतात. पण तोवर तुमची बी कोरडी ठेवायला जागा आहे का? पत्र्याच्या शेडमध्ये नको, खाली फळ्या टाकून पोती ठेवावी लागतात.

साखळीकर:
माडी आहे. पण ती आत्याच्या वाटणीत येते.

कुळागर:
बघा, एक-चौदा आला की नाही?